पाच हजार डायमंड आणि एक ‘हो’

रमज़ानच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तरावीहला गेलेली मंडळी अजून परतली नव्हती आणि नवापूरहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “आपा, माझ्या मोबाईलमधून जीमेल बाहेर पडलंय. पासवर्ड टाकते तर चुकीचा म्हणतंय. मी तर बदललाच नाही.” मागून काही आवाज येतोय का म्हणून मी कान दिला. आमचा भाचा, इयत्ता आठवीतला, एरवी खालाचा फोन म्हटला की मध्येच बोलणारा, त्या दिवशी अगदी गप्प होता. तेव्हाच मला शंका आली.

खरी हकीकत कळायला दुसऱ्या दिवसाची सहरी उजाडली. आदल्या दुपारी त्याला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता. ‘फ्री फायर मॅक्स ईद गिफ्ट. ५००० डायमंड आणि बंडल मोफत. फक्त आज रात्री १२ पर्यंत. आधी १०० जणांनाच.’ खाली एक लिंक. मेसेज कुणा अनोळखी माणसाचा नव्हता, त्याच्याच गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या टोळीतल्या, दोस्ताच्या नंबरावरून आला होता. लिंक उघडली तर तेच चित्र, तेच रंग, तोच लोगो. “तुझे बक्षीस तयार आहे, फक्त खाते तपासायचे आहे,” असे म्हणून पानाने ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण दाखवले. मुलाने अम्मीचा जीमेल पत्ता लिहिला, पासवर्ड लिहिला. पासवर्ड त्याला ठाऊक होता, कारण घरात तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता.

मग मोबाईलवर वरून एक खिडकी आली : नवीन फोनवर साइन इन होत आहे, हे तुम्हीच आहात का? हो किंवा नाही. आणि त्याच क्षणी त्या पानावर लिहिलेले होते : ‘मोबाईलवर आलेल्या प्रश्नाला हो दाबा, मग डायमंड जमा होतील.’ त्याने हो दाबले.

या ‘हो’चा अर्थ काय होता, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा डाव तिथेच आहे. मुलाने पासवर्ड त्या बनावट पानावर लिहिला तेव्हा पलीकडे बसलेल्या माणसाने (बहुतेक वेळा तिथे माणूसही नसतो, यंत्रणाच हे काम करते) तोच पासवर्ड खऱ्या गूगलवर, आपल्या मशीनवर टाकला. गूगलला मशीन अनोळखी वाटले, म्हणून त्याने मालकाच्या मोबाईलला विचारले. प्रश्न खराच होता, गूगलचाच होता. उत्तर मात्र चोराच्या सोयीचे दिले गेले. गूगलने तर दार लावून धरले होते; आतून कडी आमच्याच मुलाने काढली.

आपल्या भागातल्या पालकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. फ्री फायर मॅक्सचे वेगळे असे यूजरनेम-पासवर्ड मुलाकडे बहुधा नसतेच. खेळ सुरू करताना तो गूगल, फेसबुक किंवा अशाच दुसऱ्या खात्याला जोडलेला असतो. म्हणजे खेळाची किल्ली आणि अम्मी-अब्बांच्या जीमेलची किल्ली एकच. मुलाला वाटते आपण फक्त खेळाचा पासवर्ड देतोय. प्रत्यक्षात तो घरातले फोटो, नातेवाइकांचे नंबर, ब्राउझरमध्ये साठवलेले इतर पासवर्ड, आणि ज्या ज्या सेवेचा पासवर्ड विसरला तर मेल जीमेलवर येतो अशा सगळ्यांची किल्ली देत असतो. यूपीआयचे पैसे मात्र थेट जात नाहीत. त्याला सिमकार्ड आणि पिन लागतो. माझ्या बहिणीची पहिली धास्ती तीच होती, ती मी आधी दूर केली.

जो मुलगा ‘गेस्ट’ म्हणून, कशालाही न जोडता खेळतो, त्याची अडचण उलटी आहे. त्याला चोरायला पासवर्डच नाही, पण फोन बिघडला किंवा ॲप काढून टाकले की वर्षभराची कमाईही गेली. शिवाय गेस्ट खात्याला बक्षिसाचा कोड वापरता येत नाही. म्हणून खाते जोडावेच, पण कुलूप लावून.

या अशा फसवणुकीला फिशिंग म्हणतात, गळ टाकून मासा पकडणे. गळाला लावलेले आमिष मात्र खऱ्या खाद्यासारखेच हवे, नाहीतर मासा येत नाही. म्हणून आधी खरे खाद्य कसे दिसते ते पाहू. गरेना ही कंपनी खरोखरच मधूनमधून मोफत वस्तू देते. त्यासाठी कोड असतो. तो साधारण १२ अक्षरांचा, इंग्रजी मोठी अक्षरे आणि आकडे मिळून बनलेला असतो. तो `reward.ff.garena.com` या पत्त्यावर टाकायचा. वस्तू असेल तर ती खेळातल्या ‘व्हॉल्ट’मध्ये दिसते, डायमंड किंवा सोने असेल तर आपोआप जमा होते. कोड मुदतीत वापरला नाही तर तो संपतो. बस, एवढेच. यात ‘दहा ग्रुपला पाठवा’ नाही, ‘एपीके डाउनलोड करा’ नाही, ‘आधी ४९ रुपये भरा’ नाही. आणि पाच हजार डायमंड कुणालाही मागेल तितके देणारे ‘जनरेटर’ म्हणून जे काही असते ते तर सरळ खोटे. डायमंडचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, बाहेरच्या एखाद्या पानाला तो वाढवता येत नाही.

आमच्याकडे हे आमिष इतके चालते त्याला थोडा इतिहासही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने ५४ ॲप्सवर बंदी घातली, त्यात फ्री फायर होते. मॅक्स ही त्याची दुसरी आवृत्ती मात्र प्ले स्टोअरवर राहिली. पुढे ऑगस्ट २०२३ अखेरीस ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा झाली, ५ सप्टेंबर ही तारीखही जाहीर झाली, आणि ऐनवेळी ते पुढे ढकलले गेले. मुले वाट पाहत राहिली. ज्या गोष्टीची वाट पाहिली जाते आणि जी मिळत नाही, तिच्या नावाने बनावट लिंक विकणे सर्वांत सोपे असते. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्या फोनवरही असल्या लिंका फिरत होत्या.

आता पत्ता वाचण्याची युक्ती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून ही गोष्ट मुलांना पटकन कळते असा माझा अनुभव आहे : वेबसाइटचा पत्ता मराठीसारखा डावीकडून नव्हे, उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा. भाच्याकडे आलेली लिंक मी इथे जशीच्या तशी देत नाही, तिच्यासारखी एक बनवून दाखवते.

```
https://reward.ff.garena.com.eid-gift.example/login
https://reward.ff.garena.com/
```

वरची ओळ घ्या. सुरुवातीचे `https://` सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे बोट ठेवा. आता बोटाच्या डावीकडे, म्हणजे उर्दू वाचल्यासारखे मागे मागे जा. पहिला शब्द `example`, मग टिंब, मग `eid-gift`. थांबा. हे दोन मिळून घराचे खरे नाव झाले : `eid-gift.example`. त्याच्या डावीकडे कितीही मोठी नावे लिहिली असली तरी ती घरमालकाने स्वतःच्या दारावर रंगवलेली अक्षरे आहेत. कुणीही आपल्या दारावर ‘कलेक्टर ऑफिस’ लिहू शकतो. खालच्या ओळीत तसेच मागे या : `com`, टिंब, `garena`. हे घर गरेनाचे. (`example` हे शेपूट फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे, म्हणून मी ते वापरले. प्रत्यक्षात तिथे `.xyz`, `.top`, `.site` किंवा अगदी `.com`सुद्धा असते. शेपटावरून खरे-खोटे ठरत नाही.) पत्त्याच्या पट्टीतले कुलपाचे चिन्ह पाहून निश्चिंत होऊ नये. ते फक्त सांगते की तुमचे आणि त्या घराचे बोलणे वाटेत कुणी ऐकत नाही. घर चोराचे असेल तर चोरालाच ते नीट ऐकू जाते.

दुसरी खूण मला अधिक भरवशाची वाटते. अँड्रॉइड फोनवर खऱ्या खेळात ‘गूगलने लॉगिन’ दाबले की फोनमध्ये असलेल्या खात्यांची यादी समोर येते. त्यातले एक निवडले की झाले. फोनला ते खाते आधीच माहीत असते, तो पासवर्ड पुन्हा विचारत बसत नाही. ब्राउझरमध्ये कुणी पासवर्ड लिहायला सांगू लागले, आणि ते खाते तर याच फोनवर आहे, तर तिथेच हात मागे घ्यावा. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला असेल तर आणखी एक मदत होते : तो खऱ्या पत्त्यावर आपोआप भरला जातो, खोट्यावर भरला जात नाही. तो भरला गेला नाही म्हणून मुलगा चिडून हाताने लिहू लागतो, ते तेवढे थांबवायचे.

आणि पाठवणारा ओळखीचा आहे याला काही किंमत नाही. ज्या दोस्ताच्या नंबरावरून लिंक आली, त्याने ती ‘बक्षीस मिळवण्यासाठी दहा जणांना पाठवा’ या अटीपायी पाठवली होती. त्याचेही खाते गेले होते, त्याला ते संध्याकाळपर्यंत कळले नव्हते.

आता आमच्या खात्याचे काय झाले ते सांगते. चोराने पासवर्ड बदलला होता, आणि परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर व मेलही आपला टाकला होता. पण गूगलची एक सोय आहे : हे बदलल्यानंतरही ७ दिवसांपर्यंत जुना नंबर किंवा जुना मेल खाते परत मिळवायला वापरता येतो. आम्हाला कळले तेव्हा एक दिवस गेला होता, म्हणजे वेळ होती. मुलाने भीतीपोटी चार-पाच दिवस दडवून ठेवले असते तर ती खिडकीही बंद होत आली असती. बहिणीचा हात त्याच्या कानाकडे गेला होता, तो मी फोनवरूनच अडवला. ओरडायचे असेल तर खाते परत आल्यावर ओरड, म्हटले.

जुना नंबर माझ्या मेहुण्यांचा, आणि ते सुरतेला कापड गिरणीत. आपल्याकडची किती घरे अशी आहेत : कमावता माणूस ताप्ती लाइनने सुरतेला, घरात बाई, मुले आणि एक फोन. पाळीवर असताना मोबाईल जवळ ठेवता येत नाही, आणि आलेला कोड थोड्याच वेळात शिळा होतो. म्हणून इफ्तारनंतरची वेळ ठरवली. बहिणीने `accounts.google.com/signin/recovery` उघडले, तेही नेहमीच्याच फोनवरून आणि घरातूनच. गूगल ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा पाहते. गावातल्या इंटरनेट सेंटरवरून प्रयत्न केला असता तर काम अवघडच झाले असते. आधीचा आठवेल तो पासवर्ड टाकला, मग जुन्या नंबरावर कोड मागवला. मेहुण्यांनी तो फोनवर वाचून दाखवला, बहिणीने लिहिला, नवा पासवर्ड ठेवला, खाते उघडले.

दार उघडले म्हणून चोर गेला असे होत नाही. ‘Your devices’मध्ये एक अनोळखी फोन अजून आत बसलेला दिसला, त्याला साइन आउट केले. चोराचा नंबर आणि मेल काढला. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आपले मेल कुणाला परस्पर पुढे जात नाहीत ना, असा फिल्टर कुणी लावलेला नाही ना, ते पाहिले. तिथे काही नव्हते, पण हे पाहायचे राहून गेले तर नवा पासवर्ड ठेवूनही चोर मेल वाचत राहू शकतो. खेळ उघडला तेव्हा नाव बदललेले, गिल्ड सोडलेली आणि होते नव्हते ते डायमंड खर्चलेले होते. बंदुकांचे रंग तेवढे जागेवर होते. भाच्याला रडू आले ते त्या डायमंडसाठी. ते त्याने दोन ईदींच्या पैशांतून घेतले होते. ते परत आले नाहीत.

मग दुहेरी पडताळणी लावली. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘Google’, मग खाते सांभाळण्याचे पान, त्यात सुरक्षेचा भाग, आणि तिथे ‘2-Step Verification’. खेळ फेसबुकला जोडलेला असेल तर फेसबुकमध्ये ‘Accounts Center’, ‘Password and security’, ‘Two-factor authentication’. अर्थ दोन्हीकडे एकच : अनोळखी फोनवरून पासवर्ड बरोबर टाकला तरी पुरे नाही, दुसरी एक खूण द्यावी लागेल. ती खूण कोणती ठेवायची हा खरा विचार करण्याचा भाग, आणि तिथे आपल्या जिल्ह्याची परिस्थिती मध्ये येते.

एसएमएसने कोड मागवणे सर्वांना सोपे वाटते. पण सिम सुरतेला असेल तर दर वेळी तिकडे फोन करा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंजच नसेल तर कोड येणारच नाही. म्हणून मी बहिणीला ऑथेंटिकेटर ॲप लावून दिले. ते सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करते, दर ३० सेकंदांनी नवा. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही, सिमही लागत नाही. फोनचे घड्याळ बरोबर असले पाहिजे, एवढीच अट.

आणि तो फोनच हरवला तर? त्यासाठी त्याच पानावर ‘Backup codes’ आहेत. गूगल एका वेळी १० कोड देते, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. आम्ही ते वहीच्या पानावर लिहून शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले, कारण आमच्या घरात कधीच न हरवणारी वस्तू ती एकच आहे. कॅलेंडरमागचा जुना पासवर्ड मात्र खोडला.

गोष्ट इथे संपली असती, पण ईदच्या चौथ्या दिवशी बहिणीला व्हॉट्सॲपवर कॉल आला. डीपीवर खेळाचा लोगो, आवाज अदबीचा. “मॅडम, तुमच्या मुलाचे खाते हॅक झाले होते ना? आम्ही सपोर्टमधून बोलतोय. गेलेले डायमंड परत देतोय. तुमच्या मोबाईलवर ‘जी’ने सुरू होणारा कोड येईल, तेवढा सांगा.” आणि कोड खरेच आला. त्यांच्याकडे नाव होते, मेल होता, काय गेले तेही माहीत होते. असणारच, नेणारे तेच किंवा त्यांच्याकडून यादी घेणारे. एकदा फसलेल्या घराकडे दुसऱ्यांदा येणारे असे ‘मदतनीस’ मला पहिल्या चोरापेक्षा घातक वाटतात, कारण तेव्हा माणूस आशेवर असतो. बहीण कोड वाचायच्या बेतात होती. भाच्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि कॉल कापला. “अम्मी, ते पुन्हा ‘हो’ दाबायला सांगतायत,” असे तो म्हणाला म्हणे.

त्याने अगदी बरोबर ओळखले. दुहेरी पडताळणीची मर्यादा तीच आहे. कोड एसएमएसने येवो की ॲपमध्ये, तो तुम्ही बनावट पानावर लिहिलात किंवा फोनवर सांगितलात, तर चोर त्याच अर्ध्या मिनिटात तो खऱ्या जागी वापरतो. पासवर्ड कुठूनतरी फुटला, कुणी अंदाजाने ओळखला, अशा वेळी ही पडताळणी तुम्हाला वाचवते. तुम्ही स्वतःच कोड दिलात तर वाचवत नाही. आपण स्वतः लॉगिन करत नसताना आलेला कोड किंवा ‘हो-नाही’चा प्रश्न म्हणजे कुणीतरी आपल्या दारात उभे आहे, ‘नाही’ दाबायचे आणि पासवर्ड बदलायचा.

यातून सुटणारी एक वाट आहे, ‘पासकी’. त्यात लिहायचा कोडच नसतो. फोनचे कुलूप बोटाने किंवा पिनने उघडले की काम होते, आणि ती खूण फक्त खऱ्या पत्त्यावरच चालते. `eid-gift.example`वर ती निघतच नाही, मुलगा कितीही भुलला तरी. पण ज्या फोनचे कुलूप घरातल्या सर्वांना उघडता येते, त्यावर ठेवलेली पासकीही सर्वांचीच होते. बहिणीचा फोन तसाच आहे, म्हणून तिथे मी ती लावली नाही. मेहुण्यांच्या स्वतःच्या फोनवर लावली.

पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. नुसते खाते गेले असेल, पैसे नाहीत, तरी `cybercrime.gov.in`वर तक्रार नोंदवता येते. मेसेजचा, लिंकचा आणि नंबराचा स्क्रीनशॉट त्याआधी काढून ठेवा. आमच्या भाच्याने भीतीने तो मेसेजच पुसून टाकला होता. गिल्डमधल्या दुसऱ्या मुलाकडून तो परत मागवावा लागला.

बकरी ईदला मी नवापूरला गेले तेव्हा त्याने मला एक नवी लिंक दाखवली. पडद्यावर बोट ठेवून तो उजवीकडून मागे मागे आला आणि तिसऱ्या शब्दावर थांबून हसला. मग शिधापत्रिकेचे पाकीट आणून वहीचे पान दाखवले. दहापैकी एक कोड खोडलेला होता. अम्मीचा फोन दुरुस्तीला गेला होता तेव्हा अब्बांच्या फोनवर त्यांनी तो वापरला होता, आणि त्यापुढे तारीख लिहून ठेवली होती.